पुण्याचं बाळ अमेरिकेतल्या घरी नेताना: दत्तक आणि व्हिसाच्या टप्प्यांचा नेमका क्रम

पुण्यात दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दत्तकपत्र नोंदवायला एक दिवस पुरतो. दोन्हीकडची माणसं हजर असतात, सह्या-अंगठे होतात, घरी दत्तहोम झालेला असतो आणि सगळ्यांना वाटतं, मूल आता आपलं झालं, व्हिसाचं पुढे बघू. आई-बाबा अमेरिकन नागरिक असतील आणि अमेरिकेतच राहत असतील, तर नेमक्या याच क्षणी मुलाचा अमेरिकेचा रस्ता बंद होऊ शकतो. दत्तकपत्र खोटं नसतं, हिंदू दत्तक कायद्याने ते वैधही असतं. पण अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याला कागदाइतकाच कागदांचा क्रम महत्त्वाचा वाटतो, आणि तो क्रम इथे उलटा झालेला असतो.

कारण हेग दत्तक करारात आहे. हा करार भारताला २००३ पासून आणि अमेरिकेला १ एप्रिल २००८ पासून लागू आहे. दोन्ही देश त्यात असल्यामुळे भारतातून अमेरिकेत जाणाऱ्या दत्तक मुलाच्या बाबतीत दोन्ही सरकारांनी आधी एकमेकांना लेखी होकार द्यायचा आणि मगच दत्तक पूर्ण करायचं, असा नियम आहे. आधी दत्तक आणि मग अर्ज असं झालं, तर मुलासाठीचा अर्ज नाकारला जातो. तो पुन्हा करायचा तर आधी ते दत्तक रद्द करून घ्यावं लागतं. हा सबंध लेख त्या एका क्रमाभोवती आहे. सर्वात जास्त विचारली जाणारी परिस्थिती घेऊ: आई-बाबा अमेरिकन नागरिक, हाती ओसीआय कार्ड, आणि मूल पुण्यातल्या विशेष दत्तक संस्थेतलं.

हा मार्ग कोणाला खुला आहे

अमेरिकेत मुलासाठी जे अर्ज भरायचे असतात, त्यातला पहिला आय-८००ए, म्हणजे पालकांना मंजुरी मिळवायचा, आणि दुसरा आय-८००, म्हणजे ठरलेल्या एका मुलाच्या नावाचा. हे दोन्ही फक्त अमेरिकन नागरिकाला भरता येतात. नवरा-बायकोपैकी एकाकडे नागरिकत्व असलं तरी चालतं, मात्र दुसऱ्याचा तिथला मुक्काम कायदेशीर हवा. दोघांकडे ग्रीन कार्ड किंवा एच-१बी असेल तर हा दरवाजा त्यांच्यासाठी नाही. त्यांच्या बाबतीत अमेरिकेचा कायदा दत्तक मुलाला 'मूल' कधी मानतो, तर सोळाव्या वर्षाच्या आत दत्तक झालेलं असेल, दोन वर्षं कायदेशीर ताबा असेल आणि दोन वर्षं एकत्र राहणं झालेलं असेल तेव्हा. म्हणजे कोणीतरी एकाने दोन वर्षं मुलासोबत भारतात राहायचं. पुष्कळ घरांना ही गोष्ट दत्तक झाल्यावर कळते, तेव्हा नोकरी तिकडे आणि लेकरू इकडे अशी ताटातूट होते. दोघांपैकी एकाचं नागरिकत्व वर्षभरात होणार असेल, तर ते होईपर्यंत थांबणं जवळजवळ नेहमीच शहाणपणाचं ठरतं.

नात्यातलं मूल घ्यायचं असेल तर आणखी एक अडचण आहे. आपल्या बाल न्याय कायद्यात नातेवाईक म्हणजे काका-आत्या, मामा-मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. तेवढ्या नात्यात परदेशातल्या माणसाला दत्तक घेता येतं. अमेरिकेचा कायदा मात्र विचारतो, की मुलाचे जन्मदाते दोघंही हयात असतील तर ते मुलाची नीट काळजी घ्यायला असमर्थ आहेत का? बहिणीचा मुलगा चिंचवडला सुखात वाढतोय, तिला दोन मुलगे आहेत आणि आपल्याला एकही नाही म्हणून ती प्रेमाने एक देतेय, ही आपल्याकडे समजण्यासारखी गोष्ट आहे. पण या प्रश्नाचं उत्तर तिथे 'नाही' असं येतं आणि अर्ज तिथेच थांबतो. असमर्थता म्हणजे गंभीर आजार, टोकाची गरिबी अशी कागदावर दाखवता येणारी कारणं. आई-वडील दोघंही नसलेल्या भाच्यासाठी वाट मोकळी आहे, पण त्यालाही खाली दिलेला क्रम पाळावाच लागतो. दत्तकपत्र आधी नोंदवायचं नाही.

पहिला टप्पा: होम स्टडी आणि आय-८००ए

सुरुवात पुण्यात होत नाही, तुमच्या अमेरिकेतल्या घरात होते. हेग प्रक्रियेसाठी मान्यता असलेली आणि शिवाय भारतातल्या 'कारा'ने, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाने, अधिकृत केलेली अमेरिकन संस्था निवडायची. दोन्ही मान्यता लागतात. फक्त पहिली असलेली संस्था तुमचा होम स्टडी करून देईल, पण कारापुढे तुमची फाईल नेऊ शकणार नाही.

होम स्टडी म्हणजे समाजसेवक घरी येऊन तयार करतो तो अहवाल. तुमचं आरोग्य, उत्पन्न, नातं, घरातली माणसं, मुलाबद्दलची समज, सगळं त्यात येतं. त्याबरोबर पालकांना किमान दहा तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. अर्ज दाखल करताना हा अहवाल सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. आय-८००एची फी १ एप्रिल २०२४ पासून ९२० डॉलर आहे. या मंजुरीवर पहिल्या मुलासाठी भरायच्या आय-८००ला वेगळी फी नाही.

या टप्प्यावर दोन गोष्टी हमखास चुकतात.

पहिली आजी-आजोबांची. घरात कायम राहणाऱ्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येक माणसाची माहिती होम स्टडीत हवी आणि त्यांचे बोटांचे ठसेही द्यावे लागतात. सासूबाई ग्रीन कार्डावर तुमच्याकडेच राहत असतील तर त्या घरातल्याच. सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांचं काय करायचं, हे समाजसेवकाला आधीच विचारा आणि त्याचा निर्णय अहवालात लिहून घ्या. मंजुरीनंतर कोणी कायमचं राहायला आलं, तर ते लपवायचं नाही. अहवाल सुधारून कळवायचं.

दुसरी गोष्ट मुलाच्या वर्णनाची. किती मुलं, किती वयापर्यंतची, कोणत्या आजाराचं किंवा व्यंगाचं मूल सांभाळायची तुमची तयारी आहे, हे होम स्टडीत लिहिलेलं असतं आणि मंजुरी तेवढ्यापुरतीच मिळते. मनात लहान बाळ असतं, म्हणून बरेच जण 'शून्य ते दोन वर्षं' लिहून मोकळे होतात. पण काराच्या 'कॅरिंग्ज' या पोर्टलवर नाव नोंदवल्यापासून निवड येईपर्यंत, म्हणजे मूल सुचवलं जाईपर्यंत, वर्षं जातात, आणि मोठं मूल आनंदाने घ्यायची तयारी झाली तरी कागद ते मूल नाकारतो. मग अहवाल सुधारा, पुरवणी अर्ज भरा, मंजुरीची वाट बघा. मुळातच वयाची मर्यादा मनापासून पेलेल तेवढी रुंद ठेवा. लिहायची म्हणून रुंद ठेवू नका, कारण समाजसेवक त्यावर प्रश्न विचारतो आणि ते विचारायलाच हवेत.

मंजुरी मिळाली की तिचं आयुष्य १५ महिन्यांचं. काराकडे मात्र होम स्टडी तीन वर्षं चालतो. या दोन घड्याळांचा मेळ नसतो आणि तिथे माणसं गाफील राहतात. काराच्या यादीत तुमचं नाव व्यवस्थित पुढे सरकत असतं आणि त्याच वेळी अमेरिकेची मंजुरी संपून गेलेली असते. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत करायचा असतो, आणि त्यासोबत होम स्टडीचा ताजा सुधारित अहवाल लागतो. समाजसेवकाची तारीख मिळायला वेळ लागतो. म्हणून पाच महिने आधी त्याला फोन करा.

दुसरा टप्पा: कॅरिंग्ज, निवड आणि होकार

अमेरिकन संस्था तुमची कागदपत्रं carings.wcd.gov.in वर चढवते. अनिवासी भारतीय आणि ओसीआयधारक यांना भारतात राहणाऱ्या पालकांच्या बरोबरीने मूल सुचवलं जातं, हा मोठा दिलासा आहे. वयाची अट मात्र सगळ्यांना आहे. जोडप्याच्या वयांची बेरीज दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ८५, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १००. लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत आणि मूल व पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर हवं.

निवड आली की मुलाचा फोटो, सामाजिक अहवाल आणि वैद्यकीय अहवाल मिळतो. ९६ तासांत मूल राखून ठेवायचं आणि त्यानंतर ३० दिवसांत स्वीकार कळवायचा. हा महिना वैद्यकीय अहवाल बालरोगतज्ज्ञाला दाखवण्यासाठी आहे. डोक्याचा घेर, वजन, हिमोग्लोबिन, कावीळ आणि एचआयव्हीच्या चाचण्या, लसींच्या नोंदी, हे सगळं नीट वाचून घ्या. एखादी चाचणी जुनी असेल तर ती पुन्हा करून मागायचा हाच काळ. स्वीकारताना मूल आणि तुमची अमेरिकेतली मंजुरी जुळते ना, हेही इथेच ताडून बघायचं.

तिसरा टप्पा: आय-८०० आणि 'आर्टिकल फाइव्ह' पत्र

आता त्या एका मुलाच्या नावाने आय-८०० भरायचा. मूल सोळा वर्षांचं होण्याआधी तो दाखल व्हावा लागतो. सोबत काराकडून आलेला मुलाचा अहवाल आणि संस्थेची निवेदनं जातात. तपासून अमेरिकेचा इमिग्रेशन विभाग तात्पुरती मंजुरी देतो, आणि फाईल व्हिसाच्या वाटेने दिल्लीतल्या अमेरिकन दूतावासाकडे येते. व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, म्हणजे डीएस-२६०, याच वेळी भरला जातो. दत्तक व्हायच्या आधी व्हिसाचा अर्ज भरायचा हे ऐकून लोक गोंधळतात. पण नेमकं तेच करायचं असतं: हे मूल दत्तक झालं तर आम्ही त्याला येऊ देऊ, असं दूतावास आधी बघतो. तसं वाटलं की तो काराला पत्र देतो. कराराच्या कलमावरून त्याला सगळे 'आर्टिकल फाइव्ह लेटर' म्हणतात.

या पत्रापाठोपाठ काराचा ना हरकत दाखला येतो आणि त्यानंतरच पुण्यातलं काम सुरू होतं. पत्र यायच्या आधी संस्थेने किंवा कोणीही 'आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकून ठेवू, वेळ वाचेल' असं सुचवलं, तर ठाम नाही म्हणा. आदेशाची तारीख पत्राच्या आधीची निघाली, तर सगळी मेहनत पाण्यात जाते.

पुण्यातला टप्पा

सप्टेंबर २०२२ पासून नव्या दत्तक प्रकरणांचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. संस्था जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत अर्ज करते, आणि कायद्याने दोन महिन्यांच्या आत त्याचा निकाल लावायचा असतो. ना हरकत दाखला हाती असल्यावर आदेश होईपर्यंत मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी तुमच्याकडे पुण्यात राहू शकतं. सुट्टी मिळत असेल तर हे दिवस जरूर घ्या. मूल आधी इथे, त्याच्या ओळखीच्या भाषेत आणि हवेत तुमच्याशी रुळतं आणि मग विमानात बसतं.

आदेश निघाला की तीन कागद एकापाठोपाठ होतात. जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाकडून तुमची नावं आई-वडील म्हणून असलेला जन्मदाखला, काराचं अनुरूपता प्रमाणपत्र आणि मुलाचा भारतीय पासपोर्ट. अनुरूपता प्रमाणपत्र हा हेग कराराप्रमाणे दत्तक झालं याचा पुरावा आहे. आदेश पोर्टलवर आल्यावर कारा ते तीन दिवसांत देते. पासपोर्टचा अर्ज मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात होतो. संस्थेचा माणूस सोबत असेल तर काम सोपं जातं. मुलाचा पासपोर्ट भारतीयच असतो, त्यामुळे देश सोडायला वेगळा परवाना लागत नाही.

या टप्प्यावर थोडं थांबून एक कागद डोळ्यांजवळ धरून वाचायचा आहे. तो म्हणजे दत्तक आदेश. त्यात तीन जागा बघा.

एक, जन्मतारीख. टाकून दिलेल्या बाळाची तारीख डॉक्टरांच्या अंदाजावरून ठरते. बालकल्याण समितीचा 'कायदेशीररीत्या मुक्त' केल्याचा आदेश, मुलाचा अहवाल आणि दत्तक आदेश या तिन्हींत ती एकच हवी. लिहिण्याची पद्धतही बघा. आपल्याकडे १२/०७/२०२१ म्हणजे १२ जुलै, अमेरिकेत तोच आकडा ७ डिसेंबर वाचला जातो. आदेशात महिना अक्षरांत लिहावा, अशी विनंती अर्जातच करून ठेवा.

दोन, नाव. आपल्याकडे मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा ओघ आहे. पासपोर्टच्या अर्जात नाव आणि आडनाव अशा दोनच जागा असतात. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून घ्यायचं की नाही, हे आदेशाच्या आधी ठरवा आणि मग आदेश, जन्मदाखला, पासपोर्ट, डीएस-२६० सगळीकडे तेच ठेवा. पासपोर्टवर आडनावाचीच जागा भरलेली असेल, तर अमेरिकन व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येतं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. ती अक्षरं मग मुलीच्या शाळेपर्यंत पाठलाग करतात.

तीन, इंग्रजी स्पेलिंग. आदेश मराठीत निघाला तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं, आणि वैष्णवीतला 'व' कोणी व्ही लिहितो, कोणी डब्ल्यू. भाषांतरकाराला तुमच्या पासपोर्टची प्रत आणि मुलीच्या नावाचं ठरलेलं स्पेलिंग कागदावर लिहून द्या. भाषांतराखाली दोन्ही भाषा येत असल्याचं त्याचं सहीचं निवेदन हवं.

चूक सापडली तर ती तिथेच, त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या. आदेशातली चूक जन्मदाखल्यात उतरते, दाखल्यातली पासपोर्टमध्ये, आणि मग चार कार्यालयांत उलट्या क्रमाने फिरावं लागतं.

वैद्यकीय तपासणी

दत्तक प्रक्रियेतला वैद्यकीय अहवाल व्हिसाला चालत नाही. दूतावासाने नेमलेल्या ठरावीक डॉक्टरांकडेच तपासणी करावी लागते. पुण्याहून जायला मुंबई सोयीची.

वेळ लागतो तो क्षयरोगाच्या चाचणीला. भारतासारख्या देशातून जाणाऱ्या दोन वर्षं आणि त्यावरच्या मुलाची रक्ताची आयजीआरए चाचणी होते. ती निगेटिव्ह आली तर सहसा पुढे काही नाही. पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे, आणि एक्स-रेत किंवा तपासणीत काही दिसलं तर तीन दिवस थुंकीचे नमुने घेऊन त्यांचं कल्चर लावतात. त्याचा शेवटचा निकाल यायला आठ आठवडे लागतात आणि तोपर्यंत व्हिसा मिळत नाही. पॉझिटिव्ह म्हणजे मूल आजारी असं नव्हे, आपल्याकडे संसर्ग सर्वत्र आहे. पण परतीची तिकिटं बदलता न येणारी काढलेली असतील, तर हे आठ आठवडे फार महाग पडतात. संस्थेतल्या कोणाला क्षय झाला होता का, मुलाने पूर्वी त्याची औषधं घेतली होती का, हे आधी विचारून नोंदी सोबत न्या.

लसींबाबत दत्तक मुलांना सवलत आहे. दहा वर्षांपर्यंतच्या मुलासाठी पालकांनी डीएस-१९८१ हे प्रतिज्ञापत्र दिलं, की अमेरिकेत पोचल्यावर ३० दिवसांत राहिलेल्या लसी देऊ, तर निघण्याआधी सगळ्या लसी पूर्ण करायची सक्ती राहत नाही. चार-पाच इंजेक्शनं एका दिवशी टोचून घेऊन तापलेलं लेकरू सोळा तासांच्या विमानात बसवायची गरज नाही.

दिल्लीची भेट

शेवटच्या भेटीला दत्तक आदेश, अनुरूपता प्रमाणपत्र, नवा जन्मदाखला, पासपोर्ट, वैद्यकीय अहवाल, भाषांतरं आणि दोन बाय दोन इंचांचे फोटो न्यायचे. अधिकारी बघतो, की पत्र दिल्यानंतरच आदेश झाला का आणि ज्या मुलाला होकार दिला तेच हे मूल आहे का. सगळं जुळलं की आय-८०० अंतिम मंजूर होतो आणि आयएच-३ व्हिसा मिळतो. दत्तक भारतातच पूर्ण झालं असेल तर आयएच-३. नुसता ताबा घेऊन दत्तक अमेरिकेत करायचं असेल तर आयएच-४. बाल न्याय कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश झाला असेल तर आयएच-३ असायला हवा. व्हिसा हातात आल्यावर त्यावरची अक्षरं खिडकीसमोरच वाचा. वर्ग, नाव, तारीख. चुकीचा वर्ग तिथे दुरुस्त होतो, विमानतळावर नाही.

एक उदाहरण, तारखांसह

समजा, जोडपं न्यू जर्सीत राहतं. नोंदणीच्या वेळी नवरा ४४, बायको ४१, बेरीज ८५. दोघंही अमेरिकन नागरिक, नवऱ्याची आई त्यांच्याच घरी. होम स्टडीत एक मूल, मुलगा किंवा मुलगी, शून्य ते पाच वर्षं, किरकोळ आजार चालतील, असं लिहिलं. आजीचे ठसेही सोबत दिले. आय-८००ए १० जानेवारी २०२३ला मंजूर झाला, म्हणजे मुदत १० एप्रिल २०२४पर्यंत. तोवर निवड आली नाही. समाजसेवकाला त्यांनी नोव्हेंबर २०२३मध्येच बोलावलं, सुधारित अहवाल डिसेंबरअखेर झाला आणि मुदतवाढीचा अर्ज ९० दिवसांची खिडकी उघडल्यावर, जानेवारीच्या मध्याला गेला.

नोव्हेंबर २०२४मध्ये पुण्यातल्या संस्थेतली तीन वर्षं चार महिन्यांची मुलगी सुचवली गेली. दोन ते चार वर्षांसाठी बेरजेची मर्यादा ९०, तर तिथे अडचण नाही. मंजुरी पाच वर्षांपर्यंतची, तिथेही नाही. त्यांनी शून्य ते तीन लिहिलं असतं, तर स्वीकाराच्या त्या महिनाभरात सुधारित होम स्टडी आणि पुरवणी मंजुरीमागे धावावं लागलं असतं. वैद्यकीय अहवालात हिमोग्लोबिन कमी होतं आणि चाचणी आठ महिने जुनी होती. संस्थेने ती पुन्हा केली, आकडा सुधारलेला होता, त्यांनी स्वीकार कळवला.

आय-८०० डिसेंबरमध्ये गेला. तात्पुरती मंजुरी, डीएस-२६०, आर्टिकल फाइव्ह पत्र आणि ना हरकत दाखला या ओळीने झाले, आणि त्यानंतर पुण्यात अर्ज पडला. आई आदेशाच्या आधी येऊन कोथरूडला माहेरी मुलीसोबत राहिली. आदेशात जन्मतारीख '१२ जुलै २०२१' अशी अक्षरी महिन्यासह होती, पण मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव नव्हतं आणि अर्जात होतं. जन्मदाखला काढायच्या आधीच संस्थेमार्फत शुद्धिपत्र मागितलं. त्याला दहा दिवस गेले, पण पुढचा प्रत्येक कागद एकसारखा निघाला. मुंबईत आयजीआरए पॉझिटिव्ह, एक्स-रे स्वच्छ. थुंकीच्या तपासणीची वेळ आली नाही. बाबा आदल्या आठवड्यात आले आणि तिघं दिल्लीहूनच पुढे निघाले. तिकीट त्यांनी व्हिसा हातात पडल्यावर काढलं होतं.

उतरल्यानंतर

आयएच-३ व्हिसावर अठरा वर्षांखालचं मूल नागरिक पालकासोबत राहायला अमेरिकेत शिरलं, की २००० सालच्या बाल नागरिकत्व कायद्याने ते त्याच दिवशी अमेरिकन नागरिक होतं. हा कायदा २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू आहे. वेगळा अर्ज नाही, इमिग्रंट फीसुद्धा या मुलांना माफ आहे. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र टपालाने घरी येतं, म्हणून व्हिसाच्या अर्जात दिलेला पत्ता बदलला असेल तर कळवा. ते आलं की सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि अमेरिकन पासपोर्ट करून घ्या. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात राहत नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे त्या भारतीय पासपोर्टवर पुन्हा प्रवास करायचा नाही. तो परत करून दाखला घ्यायचा आणि मग मुलासाठी ओसीआय कार्डाचा अर्ज करायचा. दिवाळीला पुण्यात यायचं ठरवत असाल, तर अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय किंवा व्हिसा हातात आल्याशिवाय तारीख पक्की करू नका.

काराचं काम अजून संपलेलं नसतं. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, असे सहा अहवाल समाजसेवकाकडून कॅरिंग्जवर चढावे लागतात आणि नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रतही तिथे द्यावी लागते. या सहा भेटींच्या तारखा निघतानाच ठरवून कॅलेंडरवर लिहा. अहवाल थकले तर ते तुमच्या संस्थेच्या नावावर चढतं, आणि तिच्यामार्फत रांगेत उभ्या असलेल्या पुढच्या कुटुंबाला त्याचा त्रास होतो.

शेवटचं, दत्तक आदेशाच्या प्रमाणित प्रती पुण्यातून निघतानाच किमान चार घ्या. एक राज्यातल्या नोंदणीसाठी, एक पासपोर्टसाठी, एक ओसीआयसाठी, एक घरच्या फाईलला. तुमच्या राज्यात परदेशी दत्तकाची नोंद करून इंग्रजी जन्मदाखला मिळत असेल तर तो करून घ्या. शाळेच्या प्रवेशाच्या खिडकीवर दरवेळी मुलीसमोर दत्तक आदेश काढून दाखवावा लागत नाही.